पंधराव्या अध्यायाची उजळणी : चार संघ, तीन फेऱ्या, एक पैज आणि गुणांचा चोख हिशोब



गेले वीस दिवस आपण गीतेचा पंधरावा अध्याय रोज एक श्लोक असा वाचला. काल विसावा झाला. आज नवीन श्लोक नाही, आज उजळणी. पण पुन्हा पहिल्यापासून वाचून काढायची उजळणी नको. ती आपण सगळेच करतो, आणि वाचताना वाटतं की सगळं येतंय. पुस्तक मिटलं की कळतं, काहीच येत नाही.

म्हणून आज आमच्या गावाकडची एक पद्धत सांगतो. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात आमचं चकलांबा. गीता जयंतीच्या म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध एकादशीच्या सुमारास आम्ही पुण्या-संभाजीनगरला पांगलेली भावंडं गावी जमतो. कापसाची वेचणी चालू असते, सकाळी गार वारा असतो, आणि संध्याकाळी देवळाच्या मंडपात सतरंजी टाकून आम्ही सोळा जण प्रश्नमंजूषा खेळतो. ती चांगली व्हायला आम्हाला दोन वर्षं फसावं लागलं.

पहिल्या वर्षी काय चुकलं

पहिल्या वर्षी नियम एकच होता. प्रश्न ऐकायचा, आणि ज्याचा टाळ आधी वाजेल त्याने उत्तर द्यायचं. मजा आली, आरडाओरडा झाला. पण माझ्या एका मावसभावाला अख्खा अध्याय तोंडपाठ आहे. प्रश्न अर्धा होत नाही तोच त्याचा टाळ वाजायचा. त्याच्या संघातल्या बाकी तिघांनी पूर्ण वेळ तोंड उघडलं नाही, आणि समोरच्यांनी चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर विचार करणंच सोडलं. उत्तर येणारच आहे, मग डोकं कशाला शिणवा?

दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसलो असताना मी धाकट्या चुलत बहिणीला सहज विचारलं, वैश्वानर म्हणजे काय गं? तिने पोटातल्या अग्नीचं इतकं सरळ वर्णन केलं की मीच गप्प झालो. तिला सगळं येत होतं, पण ती सावकाश विचार करून बोलते. टाळाच्या नियमाने आम्ही ज्ञानाला नाही, हाताच्या वेगाला गुण दिले होते.

दुसऱ्या वर्षी टाळ बंद केला आणि "पुढे जाणारा प्रश्न" आणला. पहिल्या संघाला नाही आलं की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. यात वेगळीच गोची निघाली. लहान मुलांच्या संघाच्या शेजारी जो संघ बसला होता, त्याला सोडून दिलेले सगळे सोपे प्रश्न आयते मिळत गेले. तो संघ जिंकला तो बसायच्या जागेमुळे. तेव्हा आमचे नाना म्हणाले, "अरे, नियम लिहा आधी. मग प्रश्न लिहा." तिसऱ्या वर्षी आम्ही तेच केलं.

आधीची तयारी

चार जणांचे चार संघ. नावं आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांची : गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा. संघ आपापल्या मर्जीने पाडू द्यायचे नाहीत, नाहीतर पाठांतरवाले एकीकडे आणि नवखे एकीकडे होतात. ज्यांना अध्याय पाठ आहे त्या चौघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, सर्वांत लहान चौघांच्या वेगळ्या, उरलेल्या आठांच्या वेगळ्या. प्रत्येक संघाला पहिल्या दोन ढिगांतून एक-एक आणि तिसऱ्यातून दोन.

खेळणाऱ्यांशिवाय तीन माणसं लागतात. एक प्रश्न विचारणारा, एक गुण आणि वेळ लिहिणारा, आणि एक पंच. प्रश्न विचारणाऱ्यानेच निकाल द्यायचा नाही, कारण प्रश्न त्याने काढलेला असतो आणि आपल्या प्रश्नाचा त्याला अभिमान असतो. आमच्याकडे पंच नाना, निवृत्त शिक्षक.

आणि एक गोष्ट सुरू होण्याआधी मोठ्याने सांगायची : प्रमाण प्रत कोणती. हे क्षुल्लक वाटतं, पण भांडण इथूनच लागतं. तेराव्या अध्यायाचंच बघा. काही प्रतींत त्याच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्नाचा श्लोक आहे, काहींत नाही. म्हणून कुणाकडे त्या अध्यायात ३४ श्लोक तर कुणाकडे ३५, आणि गीतेचे एकूण ७०० की ७०१, हाही वाद तिथूनच. दोघंही खरं सांगत असतात, फक्त पुस्तकं वेगळी असतात. म्हणून एक प्रत पंचापुढे ठेवायची आणि श्लोकाचा क्रमांक त्याच प्रतीतला धरायचा.

पहिली फेरी : पाटी

पाच प्रश्न, प्रत्येकी ४ गुण. प्रश्न सगळ्या संघांना एकच. अर्धा मिनिट आपसात कुजबुजायचं, पाटीवर लिहायचं आणि "पाट्या वर" म्हटलं की चारही पाट्या एकदम वर. चुकीला वजा गुण नाहीत. या फेरीत कुणीच रिकामा बसत नाही, म्हणून ती पहिली.

प्रश्न पाच वेगवेगळ्या प्रकारचे घेतले.

पहिला, एका शब्दाचा : उलट्या अश्वत्थ वृक्षाला कोणत्या शस्त्राने तोडायचं? उत्तर, असंग. "अनासक्ती" लिहिलं तरी पूर्ण गुण, कारण अर्थ तोच.

दुसरा, क्रम लावायचा : वैश्वानर, अश्वत्थ, क्षर-अक्षर, वाऱ्याने नेलेला गंध. अध्यायात हे कोणत्या क्रमाने येतात? अश्वत्थ पहिल्या श्लोकात, गंध आठव्यात, वैश्वानर चौदाव्यात, क्षर-अक्षर सोळाव्यात. पूर्ण बरोबर ४, शेजारच्या दोघांचीच अदलाबदल झाली असेल तर २, बाकी शून्य. अर्धे गुण कधी द्यायचे हे आधी ठरवलं नाही, तर प्रत्येक पाटीवर वेगळा वाद होतो.

तिसरा, जोड्या लावायच्या. डावीकडे तेज, ओज, सोम, वैश्वानर. उजवीकडे त्यांची कामं : जग उजळवणं, प्राणिमात्रांना धारण करणं, वनस्पतींना पोसणं, अन्न पचवणं. यात एक खुबी आहे. दोन्हीकडे चार-चारच असले तर तीन जोड्या जुळवल्या की चौथी आपोआप मिळते. नेमक्या तीनच बरोबर येणं अशक्य होतं. म्हणून उजवीकडे एक फसवं काम जास्तीचं ठेवायचं. आम्ही "पाऊस पाडणं" ठेवलं होतं. आता प्रत्येक जोडी खरोखर माहीत असावी लागते. एका जोडीला एक गुण.

चौथा, वेगळं ओळखा : कान, जीभ, मन, हात. नवव्या श्लोकात जीव ज्यांच्या आधाराने विषय भोगतो त्यांची नावं आहेत. कान, डोळे, त्वचा, जीभ, नाक आणि मन. हात त्यात नाही.

पाचवा सगळ्यांत आवडीचा : या अध्यायात अर्जुन किती वेळा बोलतो? तीन पाट्यांवर "एकदा" आलं, कारण आदल्या बऱ्याच अध्यायांची सुरुवात अर्जुनाच्या प्रश्नाने होते. उत्तर, एकदाही नाही. पंधरावा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत भगवंतच बोलतात. वीस दिवस वाचूनही आपल्याला हे दिसत नाही, आणि एका प्रश्नाने कायमचं दिसतं.

दुसरी फेरी : थेट प्रश्न

प्रत्येक संघाला दोन थेट प्रश्न, बरोबर उत्तराला १० गुण. वीस सेकंद आपसात चर्चा करायची, पण बोलणार कोण हे चिठ्ठीने ठरतं. संघातल्या चौघांना १ ते ४ क्रमांक दिलेले असतात. ३ ची चिठ्ठी निघाली की तिसऱ्यानेच उत्तर सांगायचं, आपल्या शब्दांत, आणि एकदा तोंड उघडलं की बाकीच्यांनी बोलायचं नाही. एवढ्या एका नियमाने पाठांतरवाला मावसभाव खेळाडूचा शिक्षक झाला. वीस सेकंदांत शेजारच्या लहानग्याला समजावून सांगायला तो धडपडू लागला, कारण बोलायचं होतं त्या लहानग्याला.

आता पुढे जाणाऱ्या प्रश्नांचं काय? शेजाऱ्याला फायदा होऊ नये म्हणून आम्ही "पुढे" हा प्रकारच काढला. एक संघ चर्चा करत असताना बाकी तिन्ही संघ त्याच प्रश्नाचं उत्तर पाटीवर लिहून पाटी उलटी ठेवतात. थेट उत्तर बरोबर आलं तर त्या पाट्या पुसून टाकायच्या, गुण नाहीत. थेट उत्तर चुकलं तर पाट्या वर, आणि ज्यांची बरोबर त्या प्रत्येकाला ५. कोण कुठे बसलंय याला आता काही महत्त्व नाही, आणि प्रश्न कुणाचाही असला तरी सोळाही डोकी कामाला लागतात.

थेट प्रश्नांत अजून एक भानगड असते. एकाला सोपा आला, दुसऱ्याला अवघड. यावर उपाय असा की आठ प्रश्नांचे चार लखोटे करायचे, प्रत्येकात एक सोपा आणि एक अवघड, आणि लखोटा संघानेच उचलायचा. अवघड कोणता हे प्रश्न काढणाऱ्याने ठरवू नये. खेळात नसलेल्या दोघांना आधी विचारून पाहायचं. दोघांनाही आलं तो सोपा, दोघंही अडले तो अवघड.

तिसरी फेरी : चूक की बरोबर, आणि का?

नुसतं "चूक की बरोबर" विचारलं तर काहीही न वाचता आलेला माणूसही निम्मी उत्तरं बरोबर देतो. म्हणून आमच्याकडे या फेरीत १० गुणांची विभागणी आहे. निकाल बरोबर असेल तर ३. श्लोकात नेमकं काय म्हटलंय ते सांगितलं तर ४. आणि ते स्वतःच्या शब्दांत उलगडून दाखवलं तर ३. निकालच चुकला तर पुढचं ऐकायचं नाही, शून्य. प्रत्येक संघाला एक विधान, एक मिनिट.

गोदावरी संघाला हे विधान आलं : वाऱ्याने फुलांचा गंध नेण्याचा दृष्टान्त मनाच्या चंचलतेसाठी आला आहे. त्यांनी झटकन "बरोबर" म्हटलं. चूक! मन आवरणं वारा आवरण्याइतकं कठीण, हे अर्जुन सहाव्या अध्यायात म्हणतो. पंधराव्यातला वारा वेगळा. इथे जीव एक शरीर सोडून दुसऱ्यात जाताना इंद्रियं आणि मन कसं बरोबर नेतो, ते सांगायला गंधाचा दृष्टान्त आहे. दोन्हीकडे वाराच, म्हणून गफलत झाली. ज्याचं वाचन जास्त तोच अशा प्रश्नात फसतो, आणि म्हणूनच असे प्रश्न उजळणीत हवेत. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या करता आल्या म्हणजे अध्याय कळला.

सिंदफणा संघाला : या अध्यायात क्षर आणि अक्षर असे दोनच पुरुष सांगितले आहेत. चिठ्ठी निघाली नेमकी त्या धाकट्या बहिणीची. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "चूक. सोळाव्यात दोन आहेत, पण सतराव्यात भगवंत म्हणतात की उत्तम पुरुष या दोघांहून वेगळाच आहे, म्हणून तर या अध्यायाचं नाव पुरुषोत्तमयोग." मग तिने रहाटगाडग्याचं उदाहरण दिलं. डबे वरखाली होतात ते क्षर, कणा जागेवर असतो ते अक्षर, आणि विहीर खणणारा या दोन्हींत मोजता येत नाही. नानांनी दहापैकी दहा दिले. उदाहरण शास्त्राला तंतोतंत लागू पडतं की नाही हा मुद्दा नव्हता, तिने ते स्वतः शोधलं होतं हा होता.

मांजरा संघाने "अश्वत्थाचं खरं रूप इथे कुणालाही सहज दिसतं" हे विधान चूक आहे हे ओळखलं, तिसऱ्या श्लोकाचा आधारही दिला, पण उलगडून सांगता आलं नाही. ३ अधिक ४, म्हणजे ७.

जिथे पंचाची परीक्षा होते

बिंदुसरा संघाला विधान आलं : विसरणंसुद्धा माझ्यापासूनच होतं, असं देव सांगतात. हा पंधरावा श्लोक. मी सर्वांच्या हृदयात आहे, आणि स्मृती, ज्ञान व अपोहन माझ्यापासून होतात, असा त्याचा आशय. प्रश्न काढणाऱ्याच्या वहीत उत्तर होतं "बरोबर". पण बिंदुसराचा मुलगा म्हणाला, "चूक. अपोहन म्हणजे विसरणं नाही, विचाराने शंका दूर होणं."

मंडपात गोंधळ. नानांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं की दोघांकडेही आधार आहे. शंकराचार्य आपल्या भाष्यात स्मृती आणि ज्ञान नाहीसं होणं असा अर्थ करतात. दुसरीकडे, संशय आणि चुकीची समजूत दूर होणं असाही अर्थ लावला जातो. मग गुण कुणाला?

इथे लिहिलेला नियम कामी आला. नियम असा होता : ज्या विधानाला दोन मान्य अर्थ निघतात तो प्रश्न रद्द, आणि त्याच संघाला राखीव प्रश्न. चूक प्रश्नाची आहे, म्हणून कुणाचे गुण जायला नकोत, आणि कुणाला फुकट मिळायलाही नकोत. यासाठी प्रत्येक फेरीला एक तरी राखीव प्रश्न लखोट्यात तयार असावा. आम्ही तो ठेवला होता : वैश्वानर अग्नी चार प्रकारचं अन्न पचवतो. बिंदुसराने "बरोबर" म्हणून प्राण-अपानासकट उत्तर सांगितलं आणि १० मिळवले.

पण मला त्या दिवसापासून तो रद्द झालेला प्रश्नच जास्त आठवतो. आम्ही आठवण्याची स्पर्धा घेत होतो, आणि अडलो ते नेमके स्मृतीच्याच श्लोकावर! आठवलं तर ते माझं कौतुक, आणि विसरलं तर माझी लाज, असं मी धरून चाललो होतो. श्लोक म्हणतो की स्मृती त्याच्याकडून येते. मग टाळ आधी वाजवल्याचा तोरा कशाचा?

वजा गुण कुठे आणि किती

बरेच जण विचारतात, वजा गुण ठेवायचे का? चार पर्यायांचा प्रश्न, बरोबरला ४ आणि चुकीला वजा १, हा नियम स्पर्धा परीक्षांमुळे आपल्या ओळखीचा आहे. त्याचा हिशोब करू. काहीच माहीत नसलेल्या माणसाने असे १६ प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरी ४ बरोबर येतील, १६ गुण. १२ चुकतील, वजा १२. तरी ४ गुण हातात राहतातच. म्हणजे या नियमाने अंदाज मारणं बंद होत नाही. चुकीला वजा २ केले तर तोच माणूस ८ गुणांनी खाली जाईल, पण मग थोडंफार येणारी मुलंही घाबरून गप्प बसतात. आणि उजळणीत गप्प बसणं हे चुकण्यापेक्षा वाईट, कारण चूक दिसली तर दुरुस्त करता येते.

आमचा उपाय सोपा आहे. पर्याय द्यायचेच नाहीत, उत्तर लिहायला लावायचं. मग अंदाजाला जागाच उरत नाही, आणि वजा गुणांची गरजही नाही. वजा गुण फक्त एका जागी ठेवले, शेवटच्या पैजेच्या प्रश्नात.

पैज अशी : प्रश्न ऐकल्यावर प्रत्येक संघ आधी पाटीच्या कोपऱ्यात ०, ५ किंवा १० लिहितो. किती खात्री आहे ते. मग उत्तर. बरोबर तर तेवढे मिळतात, चुकलं तर तेवढे जातात. प्रश्न होता : या अध्यायात सूर्य, चंद्र आणि अग्नी हे तिघं एकत्र दोनदा येतात. दोन्ही ठिकाणी काय म्हटलंय? सहाव्या श्लोकात, ते परम धाम या तिघांना उजळवता येत नाही. बाराव्यात, या तिघांमधलं तेज माझंच आहे. दोन्ही भाग आले तरच बरोबर.

गुणफलक

| संघ | पाटी | थेट | चूक-बरोबर | पैजेआधी | पैज | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| गोदावरी | १६ | २५ | ० | ४१ | −१० | ३१ |
| सिंदफणा | १४ | १५ | १० | ३९ | +१० | ४९ |
| बिंदुसरा | ११ | २० | १० | ४१ | +५ | ४६ |
| मांजरा | १७ | १५ | ७ | ३९ | +१० | ४९ |

थेट फेरीचा एक आकडा उलगडून दाखवतो. बिंदुसराने स्वतःच्या दोनपैकी एक प्रश्न सोडवला, १०. सिंदफणा आणि मांजरा एकेका प्रश्नात चुकले तेव्हा बिंदुसराची पाटी दोन्हीवेळा बरोबर होती, ५ आणि ५. एकूण २०. असा प्रत्येक आकडा मागे जाऊन तपासता आला पाहिजे. फेरी संपली की आकडे मोठ्याने वाचायचे, संघांनी "मान्य" म्हणायचं, आणि मगच पुढची फेरी. नंतर तक्रार चालत नाही.

सिंदफणा आणि मांजरा बरोबरीत आले. बरोबरीचा नियम आधीच फळ्यावर होता : "का?" सांगण्याच्या फेरीत ज्यांचे गुण जास्त ते पुढे. सिंदफणाचे १०, मांजराचे ७. दुसऱ्या फेरीनंतर २९ गुणांवर सगळ्यांत मागे असलेला संघ जिंकला, आणि जिंकला तो त्या सावकाश बोलणाऱ्या मुलीच्या उत्तरावर.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हिशोब इथे संपत नाही. रात्री जेवताना गोदावरीच्या मुलांनी तक्रार केली की एका प्रश्नाने त्यांना पहिल्यावरून शेवटी टाकलं. मी कागद घेऊन बसलो. पैज जास्तीत जास्त ५ चीच असती, तर गोदावरी ३६, सिंदफणा ४४, मांजरा ४४ आणि बिंदुसरा ४६. म्हणजे बिंदुसरा जिंकला असता! खेळ तोच, उत्तरं तीच, नियम बदलला की विजेता बदलला. म्हणून यंदापासून पैज ५ चीच. आणि म्हणूनच नियम खेळ सुरू होण्याआधी फळ्यावर लिहायचे, कुणाच्या सोयीने मध्ये बदलायचे नाहीत. पूर्णपणे निःपक्षपाती असा नियम नसतो, सगळ्यांना आधी माहीत असलेला नियम मात्र असू शकतो.

बक्षिसानंतरचं काम

बक्षीस म्हणून सगळ्यांनाच गूळ-शेंगदाण्याचे लाडू, विजेत्यांना दोन जास्त. पण खरं काम यानंतर आहे. गुण लिहिणाऱ्याच्या वहीत एक वेगळं पान असतं, चुकलेल्या प्रश्नांचं. कोण चुकलं ते लिहायचं नाही, काय चुकलं तेवढंच. त्या रात्री पानावर सात प्रश्न होते. झोपण्याआधी ते सातही पुन्हा विचारले, गुणांशिवाय. मग आठ दिवसांनी, सगळे आपापल्या शहरात पोचल्यावर, ग्रुपवर पुन्हा तेच सात. पुस्तक न उघडता आवाज रेकॉर्ड करून उत्तर पाठवायचं.

आठ दिवसांचं अंतर मुद्दाम. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपल्याला जे "येतंय" असं वाटतं ते पाच मिनिटांचं असतं, आणि जे अडखळत आठवलं ते टिकतं. त्या सातपैकी "वारा आणि गंध" हा प्रश्न गोदावरीच्या चौघांनीही आठ दिवसांनी बरोबर सांगितला. शून्य गुण मिळाले होते ना, तेच लक्षात राहिले!

आजचा अभ्यास

आज घरी किंवा हॉस्टेलवर चौघंच असाल तर दोन-दोनचे दोन संघ करा. पाटीऐवजी कागद चालेल. नियम आधी लिहा, एक प्रत समोर ठेवा, आणि पुस्तक मिटून हे तीन प्रश्न एकमेकांना विचारा :

१. अश्वत्थ वृक्षाची पानं म्हणून कशाचा उल्लेख आहे?
२. चूक की बरोबर, आणि का : पंधराव्या अध्यायातला वैश्वानर म्हणजे यज्ञकुंडातला अग्नी.
३. शेवटच्या श्लोकात भगवंत या अध्यायाला काय म्हणतात, आणि ते जाणणाऱ्याचं काय होतं?

उत्तर लगेच उघडून बघू नका. आधी अडखळा, मग बघा. आठवलं तर त्याची कृपा, नाही आठवलं तर आठ दिवसांनी पुन्हा विचारायला एक प्रश्न मिळाला.

उद्यापासून सोळावा अध्याय, पहिला श्लोक.

राम कृष्ण हरी!